शकूचे सहा कोअर

शकुंतला शिवराम सकपाळ एकोणतीस वर्षं आमच्या फाउंड्रीत होती, आणि या एकोणतीस वर्षांत तिने हाताने केलेली एकही वस्तू आज शिल्लक नाही. ती कोअर करायची. पितळेचा व्हॉल्व्ह ओतायचा तर त्याच्या आत पोकळी हवी. त्या पोकळीच्या आकाराचा वाळूचा गाभा साच्यात ठेवतात, भोवती पितळ ओततात आणि पितळ निवलं की तो गाभा ठोकून, टोकरून बाहेर काढतात. हा गाभा म्हणजे कोअर. काम चांगलं झालं की कोअरची पुन्हा वाळू होते आणि ती दाराबाहेरच्या ढिगात जाते.

आमची फाउंड्री डोंबिवलीच्या एमआयडीसीत, फेज टूला. माझ्या यजमानांनी ती सुरू केली, त्यांच्यानंतर त्यांचा पुतण्या सलिल चालवतो. मी नौपाड्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. टेस्ट सर्टिफिकेटं आणि ड्रॉइंगच्या फायली बघते. रोजनिशी लिहायची सवय शाळेतल्या सिस्टर्सनी लावली ती सुटली नाही, त्यामुळे पुढे ज्या तारखा येतील त्या आठवणीतल्या नाहीत, वहीतल्या आहेत.

शकू दिव्याला राहते. तिच्या चाळीत पाणी पहाटे चारला येतं, तेही पाऊण तास. त्यामुळे तिचा दिवस चारला सुरू व्हायचा. नवरा शिवराम पूर्वी सिक्युरिटीत होता. आता गुडघ्यांमुळे घरीच असतो. मुलगी संचिता कल्याणच्या एका शाळेत शिकवते. शकू साडेआठला कामावर यायची, पदर खोचायची आणि कोअररूममधल्या बुटक्या स्टुलावर बसायची. वाळूत सिलिकेटचा चिकट द्राव कालवायचा, ती दोन फळ्यांच्या कोअरबॉक्समध्ये बोटांनी दाबून भरायची, सिलेंडरमधला गॅस नळीने सोडायचा. दहा-पंधरा सेकंदांत वाळू दगडासारखी होते. मग बॉक्स हलकेच ठोकून उघडायचा. सिलिकेट आणि वाळू यांनी तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नसे. "मशीन म्हणतं, ही बाईच नाही," असं ती सांगायची, आणि दर वेळी आमचा भट्टीवाला भिवा म्हणायचा, "मशीन शहाणं आहे."

गेल्या दोन-तीन वर्षांत कोअरचं काम कमी कमी होत गेलं. पाइपाचे साधे एल्बो आणि टी तयार मिळतात, जामनगरचा माल स्वस्त पडतो. आमच्याकडे राहिलं ते भरीव काम: बुश, फ्लॅंज, दांडे. जानेवारीत सलिलने मला स्पष्ट सांगितलं. "काकू, ती खोली रिकामी झाली तर तिथे सीएनसी लेथ बसतो. वर्षभर कोअरची एक ऑर्डर नाही आली. मी शकूला आणखी किती दिवस बसवून ठेवू?"

"एखादी येईल," मी म्हटलं.

"आली तर ठेवू. नाही आली तर मार्चनंतर बंद."

ऑर्डर फेब्रुवारीत आली. सहा तारखेला योगिनी नावाची इंजिनीअर मुलगी घोडबंदर रोडवरून दोन तास गाडीत अडकून आमच्याकडे पोहोचली. तिची कंपनी हॉस्पिटलांत लागणारी वाफेची निर्जंतुकीकरणाची यंत्रं बनवते. वीस-बावीस वर्षांपूर्वी विकलेली काही यंत्रं तालुक्याच्या दवाखान्यांत अजून चालू होती, पण त्यांच्यातली एक पितळी फिटिंग संपली होती. ज्याच्याकडे पूर्वी ती व्हायची तो कारखाना बंद पडला होता. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला जुना नमुना काढून टेबलावर ठेवला. मुठीएवढा तुकडा, वाफ एका बाजूने खालच्या पातळीवर आत जाणार आणि दुसऱ्या बाजूने वरच्या पातळीवर बाहेर पडणार. म्हणजे आतला मार्ग नागमोडी, रुंदी जेमतेम नऊ मिलिमीटर.

"किती हवेत?" सलिलने विचारलं.

"नव्वद. आणि परत कधीच नाही. ही मशीन्स संपली की विषय संपला."

सलिल पहिल्यापासून डायकास्टिंगच्या नादात आहे. पोलादाचा डाय, त्यात दाबाने पितळ मारायचं, मिनिटाला एक नग, गुळगुळीत. त्याने त्याच संध्याकाळी एका डायवाल्याला फोन केला. डाय बनायला दहा आठवडे, आणि डायचा खर्च नव्वद नगांवर वाटला तर एकेक फिटिंग चांदीची पडली असती. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. डायमधला पोकळीचा गाभा पोलादाचा असतो आणि तो सरळच ओढून काढावा लागतो. नागमोडी मार्गातून पोलाद कसं निघणार?

"शिवाय दाबाने मारलेल्या पितळात हवा अडकते शेठ," भिवा म्हणाला. "बारीक बारीक बुडबुडे. वाफेला चालायचं नाही ते. आणि पितळ साडेनऊशे डिग्रीचं. पोलादाच्या डायलाही तडे जातात. हजारोंनी माल काढायचा असेल तर ते सगळं परवडतं."

"तू डायकास्टिंग कधी केलंस?"

"केलं नाही म्हणून तर हात शाबूत आहेत."

मग उरल्या दोन पद्धती. एक आमची, वाळूच्या साच्याची: लाकडी पॅटर्न, वाळूत त्याचा ठसा, आत शकूचा कोअर. पॅटर्न आठवड्यात होतो, खर्च थोडा. माल खडबडीत निघतो, आटे आणि तोंडं लेथवर करून घ्यावी लागतात. दुसरी इन्व्हेस्टमेंट कास्टिंगची. वागळे इस्टेटमध्ये एक माणूस ती करतो. फिटिंगच्या आकाराचा मेणाचा नमुना घ्यायचा, तो सिरॅमिकच्या रबडीत बुडवून त्यावर बारीक वाळू पेरायची, वाळवायचं, पुन्हा बुडवायचं, असे सात-आठ थर. मग मेण वितळवून काढून टाकायचं, कवच भाजायचं आणि रिकाम्या कवचात पितळ ओतायचं. नव्वदच नग असल्यामुळे मेणाचा साचा न करता नमुने थ्रीडी प्रिंटरवर छापून घेता येतील, असं तो म्हणाला. एका नगाचा दर आमच्या चौपट, पण आटे सोडून बाकी कशालाही लेथ लावावा लागणार नाही.

"दोन्हीकडून सहा-सहा सॅम्पल करू," योगिनी म्हणाली. "पाच किलो हवेच्या दाबाने पाण्यात टेस्ट करू. ज्याचे चांगले, त्याला काम."

सलिलने शकूला ऑफिसात बोलावून सगळं सांगितलं. तिने नमुना हातात घेतला, डोळ्याजवळ नेला, आत फुंकर मारली.

"हे पास झालं तर कोअररूम राहील?" तिने विचारलं.

"पास झालं तर राहील," सलिल म्हणाला. "वागळेचे पास झाले तर नाही. मी खोटं नाही बोलत शकूताई."

"खोटं कशाला बोलाल. खोली तुमचीच आहे."

पॅटर्न सोळा तारखेला आला. सतरा आणि अठरा, असे दोन दिवस शकू कोअररूममध्येच होती. अठराला मंगळवार होता, मी दुपारी आत डोकावले. तिच्या उजव्या मनगटाला काळी पट्टी होती. नऊ मिलिमीटरचा नागमोडी कोअर म्हणजे पेन्सिलीएवढी वाळू, दोनदा वाकलेली. ओतताना कोअरमधून धूर आणि वायू निघतात, त्यांना बाहेर जायला वाट ठेवावी लागते. सरळ कोअरला तार खुपसून भोक पाडतात. वाकड्याला शकूची स्वतःची युक्ती होती: नायलॉनच्या दोऱ्याला ग्रीस लावून तो वाळूच्या मधोमध भरायचा, गॅस दिला की सावकाश ओढून काढायचा. शेजारी मजबुतीला वाकवलेली बारीक तार. दोरा ओढताना ती श्वास धरायची. मी तिथे उभी असताना एक कोअर मधूनच तुटला. तिने तो टेबलाखालच्या बादलीत टाकला आणि पुन्हा वाळू कालवायला घेतली.

ती हात धुवायला गेली तेव्हा मी बादली बाहेर ओढून बघितली. आत तुटलेले, वाकलेले, तडकलेले मिळून एकोणीस कोअर होते. टेबलावर कापडावर सहा चांगले, प्रत्येक जण लहान मुलासारखा कुशीवर झोपवलेला. मी बादली परत जागेवर ढकलली. रात्री वहीत लिहिलं: एकोणीस गेले, सहा राहिले. सलिलला मात्र सांगितलं नाही. मला शकू तिथे हवी होती. त्या इमारतीत माझ्या यजमानांच्या हाताखाली काम केलेली आता दोनच माणसं उरली होती, एक भिवा आणि एक ती.

एकोणीसला भिवाने ओतलं. वागळेचे सहा नग पाच मार्चला आले. शुक्रवारी, सात तारखेला, योगिनी आली आणि आम्ही टेस्ट घेतली.

वागळेचे नग बघायला सुंदर होते. वरचे आकडे छापल्यासारखे, कडा धारदार. दाबाखाली एकही गळला नाही. पण दोन नगांतून हवा आरपार जाईचना. अरुंद, वाकड्या मार्गात सिरॅमिक घट्ट बसलं होतं आणि काही केल्या निघत नव्हतं. वागळेचा माणूस फोनवर म्हणाला, एवढ्या बारीक आणि लांब मार्गासाठी सिरॅमिकचा वेगळा कोअर मागवावा लागेल, त्याचे पैसे आणि तीन आठवडे निराळे.

आमचे सहा नग शेजारी ठेवले तर गरीब पाहुण्यांसारखे दिसत होते. पण हवा आरपार गेली, आणि पाण्यात बुडवून पाच किलो दाब दिल्यावर एकाही नगाला बुडबुडा आला नाही. भिवाने एकेक नग वर काढून पुसला.

"सहाला सहा," तो म्हणाला. "शकू, आज चहा तू पाजायचा."

योगिनीने फोटो काढले. "खडबडीत आहे, पण यंत्राच्या आतच बसणार आहे, कोण बघतंय. मला हे चालेल."

"ठरलं मग," सलिल म्हणाला. "नव्वद वाळूत. शकूताई, सोमवारपासून घ्या."

शकू दारात उभी होती. मनगटाची पट्टी सोडून पुन्हा बांधत होती. ती म्हणाली, "शेठ, हे सहा धरू नका."

"म्हणजे?"

"सहा काढायला मी पंचवीस केले. दोन दिवस घातले. एकेक उजेडाला धरून निवडला. नव्वदला मी असं करेन का? दर तिसरा-चौथा न पारखता तसाच जाईल. बारीक कोअर आहे, पितळ जड. पितळ आत आलं की कोअर वर तरंगायला बघतो. मधे वाकला की एका बाजूची भिंत पापडासारखी. आज नाही गळणार, टेस्टला पण नाही गळणार कदाचित. सहा महिन्यांनी दवाखान्यात फुटेल. कोणाच्या तरी अंगावर वाफ."

सलिलने माझ्याकडे बघितलं आणि मी खाली फाइलकडे बघितलं.

"मग आधी का नाही सांगितलं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी होता, थकवा जास्त. गेला महिना त्याचा या नव्वद नगांतच गेला होता. "आता काय, वागळेला तीन आठवडे वाट बघू?"

"नको," शकू म्हणाली. "कोअरच नको."

"अगं, कोअर नको तर पोकळी कुठून येणार?" भिवा म्हणाला. "फुंकून?"

"भरीव ओत. इकडून सरळ भोक, तिकडून सरळ भोक. दोन्ही वेगवेगळ्या उंचीला मधे येऊन थांबतील. मग वरून एक उभं भोक मारायचं, दोघांना जोडणारं. वरचं तोंड बुजवायचं, झालं. नऊचं तर भोक आहे. ड्रिलवाला एका नगाला दहा मिनिटं घेईल. पितळ आहे, लोण्यासारखं कापतं."

योगिनीने कागद ओढून त्यावर तीन रेघा काढल्या. "वळणं काटकोनात येतील," ती म्हणाली. "वाफेला थोडा अडथळा होईल. इथे एवढा चालतो. पण बुजवलेलं तोंड आटे लावून नको, ब्रेझिंग करून, म्हणजे पितळेचा डाग देऊन, बंद करा. आणि प्रत्येक नग टेस्ट."

भिवा अजून तयार नव्हता. "भरीव जाड झालं की मधे आकसतं. आत पोकळ राहतं."

"मग जाड भागावर रायझर ठेव," शकू म्हणाली. "आकसताना वरून पितळ ओढून घेईल. हे तुला मी सांगायचं होय रे भिवा?"

"मी बघत होतो तुला माहीत आहे का."

पॅटर्नवाल्याने कोअर बसवायच्या खुंट्या कापून टाकल्या, तेवढाच काय तो बदल. चार भरीव नग ओतले, एक मधोमध करवतीने कापून बघितला. आत दाट, एकसारखं पिवळं. योगिनीने चौदा मार्चला सही केली. तिन्ही पद्धतींचा काथ्याकूट करून शेवटी आम्ही आमच्या जुन्याच पद्धतीवर आलो होतो, आणि तीही कोअर वगळून.

त्याच दिवशी दुपारी मी कोअररूममध्ये गेले. शकू डबा उघडून बसली होती, जेवत नव्हती.

"शकू, मी ती बादली बघितली होती," मी म्हटलं. "एकोणीस होते. मी सलिलला बोलले नाही."

"मला माहीत आहे."

"कसं?"

"मी बादली वाकडी ठेवते. तुम्ही सरळ ठेवली." तिने भाकरीचा तुकडा मोडला. "टेस्टच्या दिवसापर्यंत वाट बघितली मी. वाटलं, बाई सांगतील. बाई लिहून ठेवतात सगळं, सांगतील."

"तुझी जागा जाईल म्हणून नाही सांगितलं," मी म्हटलं.

"जागा माझी ना? मग मला विचारायचं होतंत." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "बाई, मला पण पहिल्या दिवशी वाटलं, सहा पास करायचे, खोली वाचवायची. दुसऱ्या दिवशी तो दोरा ओढता ओढता मनगट असं ठणकलं, म्हटलं हे पास झाले तर मला नव्वद करायला लागणार. देवा, नव्वद! मग वाटलं, कोणासाठी चाललंय हे?"

"मग सॅम्पलच बिघडवायचे होतेस."

"ते कसं जमणार?" ती पहिल्यांदा हसली. "हात ऐकत नाहीत."

सलिलने तिला टेस्टच्या टाकीवर बसवायचं ठरवलं. त्याने ते चांगल्या मनाने केलं. म्हणाला, गळती तिच्याएवढी कोणाला कळते? शकूने नव्वद नग टेस्ट केले. टाकीजवळ स्टूल घेऊन बसायची, एकेक नग क्लॅम्पला लावून पाण्यात सोडायचा, हवा द्यायची, बघत राहायचं. पाच गळले, चार ब्रेझिंगच्या कडेला आणि एक मधेच, सच्छिद्र निघाला म्हणून. तिने पाचांवर खडूने फुल्या मारल्या. चारांचं ब्रेझिंग पुन्हा केलं, पाचवा भिवाच्या भट्टीत गेला आणि त्याच्या जागी नवा ओतला. ऑर्डर तेवीस एप्रिलला गेली.

पंचवीसला, शुक्रवारी, शकूने सलिलला सांगितलं की ती एक तारखेपासून येणार नाही. मी तिथेच होते. सलिल म्हणाला, टाकीचं काम हलकं आहे, बसून करायचं आहे. तिने मान हलवली. "हलकं आहे शेठ. पण यायला तर लागतं."

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "काकू, तुम्ही सांगा ना हिला."

मी म्हटलं, "मी नाही सांगणार."

शकूने माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. तीस तारखेला ती साडेपाचला निघाली. रोजच्यासारखीच, चपला बदलून, डब्याची पिशवी खांद्याला लावून. भिवाने भट्टीपासूनच हात वर केला, कारण त्या वेळी मूस भरलेली होती आणि त्याला जागेवरून हलता येत नव्हतं. कोअररूममध्ये मे महिन्यात लेथ आला. त्याच्या पायाचं सिमेंट घालताना जुन्या सांडलेल्या सिलिकेटमुळे फरशी कितीतरी वेळ खरवडावी लागली.

जूनमध्ये एक चौकशी आली. बोटीच्या पंपाचं पितळी घर, तीसच नग, आत मोठा कोअर, ड्रिलने होण्यासारखा नाही. सलिल मला म्हणाला, "एकदा शकूताईंना विचारून बघा ना. घरून करून दिले तरी चालेल. वाळू आणि सिलेंडर मी पाठवतो."

मी फोन केला. संचिताने उचलला. तिच्या शाळेला अजून सुट्टी होती.

"आई झोपली आहे, काकू. उठवू का?"

मी समोरच्या घड्याळाकडे बघितलं. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बरं नाही का तिला?"

"बरी आहे. पाणी भरून पुन्हा झोपते हल्ली. कधी कधी बारापर्यंत. आम्ही कोणी उठवत नाही."

"नकोच उठवू," मी म्हटलं. फोन ठेवला आणि सलिलला जाऊन सांगितलं, ते काम आपल्याकडे होणार नाही.